निविदापूर्व शंकापत्र: डिचोली तालुक्यातील एका संरक्षक भिंतीचे प्रकरण

जानेवारी २०२५ मध्ये डिचोली तालुक्यातील एका गावासाठी ई-निविदा निघाली. डोंगरउतार कापून गेलेल्या रस्त्याच्या कडेने २१० मीटर लांबीची काँक्रीटची संरक्षक भिंत बांधणे, तिच्या पायथ्याशी झाकलेले गटार काढणे आणि वरच्या अंगाचा उतार छाटून बेताचा करणे, असे ते काम होते. अंदाजित किंमत ४ कोटी ६२ लाख रुपये आणि मुदत ९ महिने होती. निविदा भरण्यासाठी २१ दिवस दिले होते, लेखी शंका नवव्या दिवसापर्यंत स्वीकारल्या जाणार होत्या आणि अकराव्या दिवशी निविदापूर्व बैठक होती. निविदा काढणाऱ्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या त्रुटींविषयी लिहीत आहे त्या एकाच कार्यालयाच्या नाहीत.

फोंड्यातील एका मध्यम कंत्राटदारासाठी या निविदेची कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या कार्यालयाने शंकापत्राचा एक मसुदा आधीच तयार केला होता. त्यात अकरा मुद्दे होते आणि त्यांपैकी सात मुद्दे शंका नव्हत्या, विनंत्या होत्या: बयाणा रक्कम कमी करावी, आगाऊ रक्कम द्यावी, दोषदायित्वाचा कालावधी पाच वर्षांऐवजी तीन वर्षांचा करावा, इत्यादी. या अटी कंत्राटदाराला जड वाटत असतील, पण त्या संदिग्ध नाहीत. त्यांचा एकच अर्थ होतो. अशा विनंत्यांना बहुधा नकारच मिळतो, आणि त्यांच्या गर्दीत ज्या चार प्रश्नांवर कामाचा नफा-तोटा अवलंबून असतो ते प्रश्नही त्याच नकाराखाली निकालात निघतात. म्हणून ते सातही मुद्दे काढून टाकले.

संदिग्धता कोठून येते हे शोधायचे असेल तर निविदा कशी तयार होते ते पाहावे लागते. या निविदेचे चार भाग होते: निविदा सूचना, सर्वसाधारण अटी, विशेष अटी व विनिर्देश, आणि परिमाण पत्रक. चारही भाग वेगवेगळ्या जुन्या निविदांतून उचललेले होते. विशेष अटींमध्ये ‘परिशिष्ट फ पाहावे’ असे दोन ठिकाणी लिहिले होते, पण फ नावाचे परिशिष्ट संचात नव्हतेच. सर्वसाधारण अटींत ‘पुलाच्या पायाचे खोदकाम’ असा उल्लेख होता, पण कामात पूल नव्हता. असे धागे दिसले की ज्या विषयावर एकाहून अधिक भाग बोलतात ते सारे विषय शोधून एकमेकांसमोर ठेवायचे, ही माझी पद्धत आहे. एकच अट एकटी वाचली तर ती बहुतेक वेळा स्वच्छ वाटते. दुसऱ्या भागातील अट तिच्या शेजारी ठेवल्यावरच खोट दिसते.

गप्प राहणे का परवडत नाही

मसुद्यावर चर्चा करताना अण्णांनी एक रास्त प्रश्न विचारला. ‘आपण विचारलं आणि उत्तर आपल्याच विरुद्ध आलं तर? न विचारता सोयीचा अर्थ धरून दर भरला, तर पुढं भांडायला जागा तरी राहते.’

करार झाल्यावर उद्भवणाऱ्या वादांत, संदिग्ध शब्दांचा अर्थ ते शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा हे तत्त्व कंत्राटदारांच्या ऐकण्यात असते, आणि अण्णांचा भरवसा त्यावरच होता. पण निविदेच्या टप्प्यावर हा भरवसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अॅफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या प्रकरणात म्हटले की निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिच्या गरजा आणि तिचा अर्थ सर्वांत चांगला समजतो, आणि त्याने लावलेला अर्थ दुष्ट हेतूचा किंवा उघड विपरीत असल्याखेरीज न्यायालयाने त्यात हात घालू नये. २०२२ मध्ये अॅगमॅटेल इंडिया विरुद्ध रिसोर्सिस टेलिकॉम या निकालात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, निविदेत संदिग्धता आहे म्हणून तिचा अर्थ एखाद्या निविदाकाराच्या बाजूने लावावा, असा नियम निविदेला लागू करता येत नाही. म्हणजे तांत्रिक लिफाफा उघडल्यानंतर कार्यालयाने जो अर्थ लावला, तोच बहुतेक वेळा टिकतो. लिफाफा उघडण्यापूर्वी मात्र त्याच कार्यालयाला सर्व निविदाकारांसमोर एक अर्थ निवडावा लागतो. भांडायची जागा पुढे राहते हा अण्णांचा समज म्हणूनच उलटा होता. जागा होती ती त्या नऊ दिवसांतच.

पहिला प्रश्न: कर आणि अनुभवाची अट

निविदा सूचनेत लिहिले होते की दर ‘सर्व करांसह’ भरावेत. परिमाण पत्रकाच्या तळटीपेत होते की ‘वस्तू व सेवा कर लागू असेल त्याप्रमाणे स्वतंत्रपणे दिला जाईल’. सरकारी बांधकामांवरचा हा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ४ कोटी ६२ लाखांवर १८ टक्के म्हणजे ८३ लाख १६ हजार रुपये होतात. एका निविदाकाराने कर धरून आणि दुसऱ्याने कर न धरता दर भरला, तर न्यूनतम दर कोणाचा हे कामाच्या किमतीवर ठरणार नाही, तळटीप कोणी कशी वाचली यावर ठरेल.

हा विरोध बैठकीत आणखी कोणीतरी मांडणार हे उघड होते. पण त्याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न सहजी दिसणारा नव्हता, आणि अण्णांच्या दृष्टीने तोच अधिक नाजूक होता. पात्रतेच्या अटीत ‘अंदाजित किमतीच्या ८० टक्के मूल्याचे एक समान काम’ मागितले होते. ८० टक्के म्हणजे ३ कोटी ६९ लाख ६० हजार रुपये. अण्णांनी २०२३ मध्ये पूर्ण केलेल्या संरक्षक भिंतीच्या दाखल्यावर ३ कोटी ९५ लाख हा आकडा होता, आणि त्यात १८ टक्के कर धरलेला होता. कर वजा केला की ते काम सुमारे ३ कोटी ३५ लाखांचे उरते. म्हणजे दाखल्यावरचा आकडा धरला तर अण्णा पात्र ठरतात आणि कराविना आकडा धरला तर अपात्र ठरतात. निविदेत अंदाजित किंमत करासह आहे की कराविना, आणि पूर्वीच्या कामाचे मूल्य कसे धरायचे, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नव्हती.

येथेच अण्णा थबकले होते. न विचारल्यास मूल्यमापन समिती दाखल्यावरचा आकडा पाहून पुढे जाईल अशी शक्यता होती. पण प्रतिस्पर्धी निविदाकाराला तांत्रिक मूल्यमापनाविरुद्ध आक्षेप घेता येतो, आणि पात्रतेचा मुद्दा आक्षेप घेणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी लागतो. तोवर महिनाभराचे काम, बँक हमी आणि बयाणा रक्कम अडकून पडलेली असते. उत्तर विरुद्ध येणार असेल तर ते नवव्या-अकराव्या दिवशी यावे, म्हणजे एखाद्या भागीदाराबरोबर संयुक्तपणे निविदा भरण्याचा विचार तरी करता येतो, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी रात्रभर विचार करून होकार दिला.

पत्राची भाषा

मूळ पत्र इंग्रजीत होते, कारण निविदा इंग्रजीत होती. आशय येथे मराठीत देतो. अण्णांच्या कार्यालयाच्या मसुद्यात हा मुद्दा असा होता: ‘कराबाबतची अट स्पष्ट नाही, कृपया खुलासा करावा.’ या वाक्याला ‘अट स्पष्ट आहे’ एवढेच उत्तर देता येते. सुधारलेला मुद्दा असा झाला:

‘निविदा सूचनेतील परिच्छेद ६ नुसार दर सर्व करांसह आहेत, तर परिमाण पत्रकाच्या शेवटच्या पानावरील तळटीपेनुसार वस्तू व सेवा कर स्वतंत्रपणे देय आहे. दोन्ही तरतुदी एकाच वेळी लागू होऊ शकत नाहीत. कृपया पुढील तीन गोष्टी निश्चित कराव्यात: निविदाकाराने भरावयाचा दर करासह आहे की कराविना, ४ कोटी ६२ लाख ही अंदाजित किंमत करासह आहे की कराविना, आणि परिच्छेद ११ नुसार समान कामाचे मूल्य पूर्णत्वाच्या दाखल्यावरील एकूण रक्कम म्हणून धरले जाईल की त्यातून कर वजा करून धरले जाईल.’

या वाक्यांत कोणताही आरोप नाही, आमची पसंतीही सांगितलेली नाही. परिच्छेदांचे क्रमांक आहेत, दोन्ही तरतुदींचा आशय आहे, दोन्ही अर्थ मांडलेले आहेत आणि उत्तर म्हणून दोहोंपैकी एक निवडणे एवढेच काम कार्यालयाकडे सोपवले आहे. शंकेला उत्तर देणारा कार्यकारी अभियंता बहुधा अटी लिहिणारा नसतो. त्याला वरिष्ठांची संमती घ्यावी लागते. टिप्पणीवर ‘पर्याय अ मान्य’ असे लिहिता येईल असा प्रश्न दिला तर ती संमती मिळणे सोपे जाते. एकाच मुद्द्याखाली चार वेगळ्या शंका कोंबल्या तर मात्र उत्तर पहिल्या किंवा शेवटच्या शंकेलाच मिळते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. करविषयक तीन प्रश्न एकत्र ठेवले ते केवळ तिन्ही एकाच विरोधातून निघत होते म्हणून.

दुसरा प्रश्न: नऊ महिने आणि पावसाळा

निविदा सूचनेत मुदत ‘९ महिने’ एवढेच होते. सर्वसाधारण अटींत ‘मुदतीत पावसाळ्याचा काळ धरलेला आहे’ असे होते. विशेष अटींत ‘१ जून ते ३० सप्टेंबर या काळात उतारावर खोदकाम करता येणार नाही’ अशी बंदी होती, आणि त्याच पानावर ‘विभागाने काम थांबवल्यास तेवढी मुदत वाढवून दिली जाईल’ असेही होते. उतारावरच्या खोदकामाला पावसाळ्यात बंदी असणे योग्यच आहे. गोव्यातल्या पावसात ओला कापलेला उतार किती वेळ उभा राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. प्रश्न होता तो बंदीचा काळ ‘विभागाने काम थांबवणे’ या शब्दांत बसतो की नाही, हा.

आम्ही कार्यारंभ आदेश १ एप्रिलला मिळेल असे गृहीत धरून दोन वेळापत्रके मांडली. पावसाळा मुदतीत धरला तर काम ३१ डिसेंबरला संपले पाहिजे, आणि खोदकामासाठी एप्रिल, मे, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे पाचच महिने हाती उरतात. पावसाळा वगळला तर नऊ कामाचे महिने मिळून मुदत ३० एप्रिलपर्यंत जाते. दोहोंत चार महिन्यांचा फरक पडतो. विलंबाची भरपाई दर आठवड्याला कंत्राट किमतीच्या अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के अशी होती. पावसाळा वगळला आहे असे समजून कोणी ३० एप्रिलचे वेळापत्रक बांधले आणि कार्यालयाने दुसरा अर्थ लावला, तर १७ आठवड्यांचे साडेआठ टक्के, म्हणजे अंदाजित किमतीवर सुमारे ३९ लाख रुपये, देयकातून कापले जाऊ शकतात. उलट पाच महिन्यांत काम बसवायचे तर दोन खोदयंत्रे, दुप्पट साचे आणि दुसरी टोळी लागते, आणि तो खर्च दरात धरावाच लागतो.

पत्रात आम्ही ही दोन्ही वेळापत्रके दोन वाक्यांत दिली आणि एकच प्रश्न विचारला: ‘कार्यारंभ आदेश १ एप्रिल रोजी दिला गेल्यास काम पूर्ण करण्याची तारीख ३१ डिसेंबर असेल की पुढील वर्षाची ३० एप्रिल?’ प्रश्न तारखेत विचारला की उत्तरही तारखेत येण्याची शक्यता वाढते, निदान आमची अपेक्षा तशी होती.

तिसरा प्रश्न: जांभा कोणत्या बाबीत

या प्रकरणातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा होता, आणि तो कागदावर नव्हे, जागेवर उलगडला. परिमाण पत्रकातील बाब ३ होती, ‘सर्व प्रकारच्या मातीत, जांभ्यासह व मऊ खडकासह खोदकाम’, परिमाण ६,४०० घनमीटर. बाब ४ होती, ‘कठीण खडकात, सुरुंगाशिवाय, छिन्नी अथवा ब्रेकर लावून खोदकाम’, परिमाण ३५० घनमीटर. विनिर्देशात मात्र लिहिले होते की ‘जो जांभा अभियंत्याच्या मते यंत्राच्या बादलीने निघत नाही, त्याचे मोजमाप कठीण खडक म्हणून होईल’. म्हणजे परिमाण पत्रक जांभ्याला एका बाबीत टाकते आणि विनिर्देश त्याचे दोन भाग करतो.

आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा रस्त्याच्या जुन्या कापात थर उघडे दिसत होते. वर साधारण दोन मीटर जाडीचा, काळपट तांबडा, हातोड्याने ठोकल्यावर खणखणीत वाजणारा जांभा होता. त्याखाली चिऱ्यासाठी कापता येईल असा मऊ, छिद्रांचा जांभा. आणि अगदी तळाशी पिवळसर-पांढरी चिकणमाती. गोव्यात आणि कोकणात पठारांच्या माथ्यावर असा कठीण टोपीसारखा थर सर्रास आढळतो. दुसरी अडचण अशी की जांभा हवेला उघडा पडला की कडक होत जातो. आज बादलीने निघालेला थर महिन्याने मोजायला गेले तर अधिक कठीण वाटतो, आणि उलट आज ब्रेकर लावून फोडलेला थर उचलून नेल्यावर तो किती कठीण होता हे सांगायला काहीच उरत नाही. म्हणून वर्गीकरण कोणी करायचे यापेक्षा ते कधी करायचे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

प्रचलित विनिर्देश पाहिले तर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या वर्गीकरणात कठीण जांभा साधारण खडकात मोडतो, आणि रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतही जांभा सुरुंग न लागणाऱ्या साधारण खडकांत गणला आहे. या निविदेच्या परिमाण पत्रकात ‘साधारण खडक’ अशी मधली बाबच नव्हती. माती आणि मऊ खडक एकीकडे, कठीण खडक दुसरीकडे. मधली पायरी गाळली की जांभा दोहोंपैकी एका टोकाला ढकलावा लागतो.

आमच्या हिशेबाने बाब ३ चा वाजवी दर घनमीटरला ३१० रुपये होता आणि ब्रेकर लावायचा तर १,१५० रुपये. फरक ८४० रुपयांचा. उघड्या कापावरून ६,४०० घनमीटरांपैकी सुमारे ३० टक्के, म्हणजे १,९२० घनमीटर, कठीण जांभा निघेल असा अंदाज होता. तो सारा बाब ३ च्या दराने काढावा लागला तर १६ लाख १३ हजार रुपयांची खोट बसते. अंदाजित किमतीच्या साडेतीन टक्के ही रक्कम, आणि अशा कामातला नफा पुष्कळदा याच्या फार पुढे नसतो.

येथे एक मोह होता आणि तो सांगितला पाहिजे. हा प्रश्न विचारला की आम्ही जागेवर काय पाहिले ते सर्व स्पर्धकांना कळणार होते, कारण शंका आणि उत्तरे पोर्टलवर सर्वांसाठी टाकली जातात. म्हणून पत्रात थराची जाडी, टक्केवारी किंवा आमचे दर यांतले काहीच लिहिले नाही. फक्त दोन तरतुदींमधील विरोध मांडला आणि विचारले की कठीण जांभ्याचे मोजमाप बाब ३ मध्ये होईल की बाब ४ मध्ये, बादलीने न निघणे याची कसोटी काय धरली जाईल, आणि वर्गीकरण खोदकाम चालू असताना संयुक्त पाहणीने होईल का. जोडीला, चार भागांमध्ये विरोध आल्यास कोणता भाग प्रमाण मानावा याचा क्रमही मागितला, कारण तो निविदेत कोठेच नव्हता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात असा क्रम दिलेला असतो, आणि त्यात परिमाण पत्रकातील वर्णन सर्वांत वर असते.

उत्तरे

बैठकीला सहा निविदाकार आले होते. तोंडी उत्तरे बहुतांशी समाधानकारक होती, आणि म्हणूनच आम्ही तेथे फार काही बोललो नाही. बैठकीत तोंडी मिळालेले आश्वासन करारात येत नाही. चार दिवसांनी लेखी उत्तरे पोर्टलवर आली.

कराच्या प्रश्नाला स्वच्छ उत्तर मिळाले. दर कराविना भरायचा, अंदाजित किंमत कराविना आहे, आणि समान कामाचे मूल्य दाखल्यावरील एकूण रकमेने धरले जाईल. तर्काने पाहता ही तुलना सारख्याला सारखे धरून केलेली नाही, कारण एका बाजूला कर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. पण नियम सर्वांना एकच होता आणि लेखी होता. अण्णा पात्र ठरले.

मुदतीच्या प्रश्नाला उत्तर आले: ‘निविदेतील अटींप्रमाणे.’ तारीख विचारूनही हेच उत्तर आले. शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला या दोन शब्दांची ओळख असते. प्रश्न असा असतो की अटीच परस्परविरोधी आहेत, आणि उत्तर त्याच अटींकडे परत पाठवते. येथे बरेच जण थांबतात. आम्ही दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचे दुसरे पत्र दिले. त्यात नवी शंका नव्हती. पहिल्या पत्रातील तारखेचा प्रश्न पुन्हा होता, त्याखाली तिन्ही तरतुदी शब्दशः उतरवल्या होत्या, आणि शेवटी असे होते की या तिन्हींतून दोन वेगळ्या तारखा निघत असल्याने वेगवेगळे निविदाकार वेगवेगळ्या मुदतीसाठी दर भरतील आणि त्यांची तुलना करता येणार नाही. कार्यालयाला कंत्राटदाराच्या तोट्याची काळजी असेलच असे नाही, पण दरांची तुलना कोलमडली तर निविदा रद्द करून पुन्हा काढावी लागते, याची काळजी प्रत्येक कार्यालयाला असते.

शेवटची तारीख तीन दिवसांवर असताना शुद्धिपत्रक निघाले. मुदत पावसाळ्यासह १२ महिने करण्यात आली, खोदकामाची बंदी कायम राहिली, आणि निविदा भरण्याची तारीख सात दिवसांनी पुढे गेली. म्हणजे १ एप्रिलपासून धरले तर ३१ मार्चपर्यंत खोदकामाचे आठ महिने मिळतात. आमच्या दोन्ही वाचनांपेक्षा हे वेगळे होते आणि दोहोंच्या मधले होते.

खोदकामाच्या प्रश्नाला अर्धे उत्तर मिळाले. प्रमाणतेच्या क्रमात परिमाण पत्रक पहिले ठेवले गेले. केवळ हा क्रमच मागितला असता तर ‘जांभ्यासह’ या शब्दामुळे सारा जांभा बाब ३ मध्ये गेला असता आणि आमच्याच प्रश्नाने आमचे नुकसान झाले असते. सुदैवाने जांभ्याविषयीचा स्वतंत्र प्रश्न होता आणि त्याला स्वतंत्र उत्तर आले: खोदयंत्राच्या बादलीने न निघणारा आणि ब्रेकरची गरज असलेला जांभा संयुक्त पाहणीनंतर बाब ४ मध्ये मोजला जाईल. खोदयंत्र कोणत्या क्षमतेचे धरायचे हे मात्र उत्तरात नव्हते. ते पुन्हा विचारायला वेळ उरला नव्हता, आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही.

म्हणून उरलेली अनिश्चितता दरात धरली. १,९२० घनमीटरांपैकी निम्म्याचे वर्गीकरण आमच्याविरुद्ध जाईल असे मानून ८ लाख ६ हजार रुपये ६,४०० घनमीटरांवर पसरले. बाब ३ चा दर ३१० ऐवजी ४३६ रुपये झाला. उत्तर पूर्ण मिळाले असते तर एवढा भार घालावा लागला नसता, आणि कार्यालयालाही काम तेवढे स्वस्त पडले असते.

करारातील पान

काम अण्णांना मिळाले. करारनाम्याची प्रत सहीसाठी आली तेव्हा तिच्यात निविदेचे चार भाग होते आणि शुद्धिपत्रक होते, पण शंका आणि उत्तरांचे पत्रक नव्हते. शुद्धिपत्रकात मुदतीचा बदल होता. करासंबंधीचा खुलासा आणि जांभ्याचे वर्गीकरण फक्त उत्तरांच्या पत्रकात होते. पोर्टलवर ते सर्वांना दिसत होते हे खरे, पण पुढे लवादासमोर किंवा लेखापरीक्षणात कागद म्हणून करारनामाच पाहिला जातो, आणि जे पान त्यात बांधलेले नाही त्याविषयी पहिला वाद असा होतो की ते कराराचा भाग आहे की नाही.

अण्णांनी सही थांबवली आणि एक छोटे पत्र दिले: निविदापूर्व उत्तरांचे पत्रक करारनाम्यात समाविष्ट करावे आणि करारनाम्याच्या कागदपत्रांच्या यादीत त्याचा उल्लेख करावा. कनिष्ठ अभियंत्याने सुरुवातीला त्याची गरज नाही असे सांगितले, कारण पोर्टलवरची कागदपत्रे लागू असतातच असे त्याचे म्हणणे होते. दोन दिवसांनी पत्रक जोडले गेले, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि यादीत सातव्या क्रमांकावर त्याची नोंद झाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या थराला बादली लागेना. त्या दिवशी काम थांबवून, कनिष्ठ अभियंत्याला बोलावून, पातळ्या घेऊन, थराची छायाचित्रे काढून आणि यंत्राची क्षमता लिहून संयुक्त पाहणीचा पहिला कागद तयार झाला, आणि त्यावर दोघांच्या सह्या होईपर्यंत ब्रेकर जोडला गेला नाही.